नंबर सेव्ह न करता व्हॉट्सॲप चॅट: wa.me लिंक नीट कशी लिहायची

कुरिअरवाल्याला घराचं लोकेशन पाठवायचं असतं, गॅरेजवाल्याला गाडीचा फोटो पाठवायचा असतो, ओएलएक्सवरच्या विक्रेत्याला एकच प्रश्न विचारायचा असतो. एवढ्यासाठी नंबर सेव्ह केला की तो कायमचा कॉन्टॅक्टमध्ये बसतो. 'कुरिअर नवीन', 'कुरिअर 2', 'प्लंबर जुना' अशी नावं अर्ध्या महाराष्ट्राच्या फोनमध्ये सापडतील. व्हॉट्सॲपने यासाठी स्वतःच एक लिंक दिलेली आहे. ती ब्राउझरमध्ये टाकली की त्या नंबरचं चॅट थेट उघडतं, नंबर सेव्ह होत नाही. वेगळं ॲप लागत नाही, कुठली सेटिंगही बदलावी लागत नाही.

लिंकचा साचा असा:

```
https://wa.me/<देशाचा कोड><नंबर>
```

भारतातल्या मोबाइलसाठी म्हणजे 91 आणि त्याला जोडून दहा आकडे:

```
https://wa.me/9198220XXXXX
```

(X च्या जागी खरे आकडे.) क्रोम किंवा सफारी उघडा, वरच्या पट्टीत हे टाइप करा, एंटर दाबा. मोबाइलवर बहुतेक वेळा व्हॉट्सॲप लगेच उघडतं. नाही उघडलं तर मध्ये व्हॉट्सॲपचं एक पान येतं, त्यावर Continue to Chat किंवा तत्सम शब्दांचं बटण असतं, ते दाबायचं. चॅट उघडलं की वर नावाऐवजी नंबर दिसेल. मेसेज लिहायचा आणि पाठवायचा. लिंक आपणहून काहीच पाठवत नाही, त्यामुळे चुकीचं चॅट उघडलं तरी सेंड दाबेपर्यंत समोरच्याला काही कळत नाही.

साचा इतका सोपा असूनही लिंक न चालण्याच्या तक्रारी येतात, आणि त्या बहुतेक सगळ्या नंबर लिहिण्याच्या पद्धतीत अडकलेल्या असतात.

नंबर कसा लिहायचा

wa.me नंतर फक्त आकडे लिहायचे. मोकळी जागा, डॅश, कंस यातलं काही नको. अधिकचं चिन्ह (+) कधीकधी चालून जातं, पण व्हॉट्सॲपची अधिकृत रीत ते गाळण्याचीच आहे. तेव्हा सवय गाळायचीच लावून घ्या. आकडे इंग्रजी हवेत. मराठी कीबोर्डवरून ९८२२० असं टाइप केलं तर ते आपल्याला नंबर दिसतं, लिंकसाठी नव्हे.

सुरुवातीचा शून्य काढायचा. आपल्याकडे अनेकजण मोबाइल नंबर अजूनही शून्य लावून देतात आणि दुकानाच्या पाट्यांवरही तो असतो. हा शून्य देशातल्या देशात फोन फिरवण्यासाठी असतो, आंतरराष्ट्रीय नंबरात त्याला जागा नाही. 91098220… असं लिहिलं तर आकडे बाराऐवजी तेरा होतात आणि लिंक नंबर चुकीचा असल्याचं सांगते. म्हणून भारतीय नंबर तपासायची सोपी खूण: wa.me/ च्या पुढे बरोबर बारा आकडे, पहिले दोन 91, आणि तिसरा 6, 7, 8 किंवा 9.

तिसऱ्या आकड्याच्या खुणेला एक अपवाद आहे. व्हॉट्सॲप बिझनेस ॲपवर लँडलाइन नंबरही नोंदवता येतो, त्यामुळे काही दवाखाने आणि दुकानं लँडलाइनवरच व्हॉट्सॲप चालवतात. पुण्याचा 020 ने सुरू होणारा नंबर असेल तर एसटीडी कोडचा शून्य जाऊन 9120 आणि पुढे आठ आकडे, मुंबईचा असेल तर 9122 आणि पुढे आठ. एकूण पुन्हा बाराच.

आता 91 विसरलं तर काय होतं ते पाहा. तुम्ही wa.me/98220XXXXX लिहिलं. तुमच्या मनात तो भारतातला नंबर आहे, पण लिंकला भारत कसा कळणार? ती सुरुवातीचे आकडे देशाचा कोड म्हणून वाचते, आणि 98 हा इराणचा कोड आहे. 90 तुर्कस्तानचा, 94 श्रीलंकेचा, 95 म्यानमारचा, 81 जपानचा, 7 रशिया आणि कझाकस्तानचा. आपल्या मोबाइल नंबरांची सुरुवात आणि परदेशांचे कोड असे एकमेकांवर चढलेले आहेत. बहुतेक वेळा उरलेल्या आकड्यांची संख्या त्या देशाच्या नंबराशी जुळत नाही आणि नंबर चुकीचा असल्याचा संदेश येतो. संदेशात +98 किंवा +90 दिसलं की ओळखायचं, 91 राहिलं.

याची उलटी चूक जास्त महागात पडते, कारण तिथे कुठलाही इशारा येत नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या नातेवाइकांनी नंबर दिला, 732 ने सुरू होणारा, दहा आकडी. 732 हा तिथला एरिया कोड आहे. हाताला सवय 91 ची, म्हणून लिंक झाली wa.me/91732XXXXXXX. बारा आकडे बरोबर, 91 बरोबर, तिसरा आकडा 7 हेही बरोबर. म्हणजे हा दिसायला अगदी खरा भारतीय मोबाइल नंबर झाला, आणि तो कुणाचा तरी असूही शकतो. चॅट उघडेल, मेसेज जाईल, दोन निळ्या टिकाही दिसतील, फक्त वाचणारा माणूस दुसराच असेल. अमेरिका आणि कॅनडा दोन्हींचा कोड 1 आहे, त्यामुळे तिथला नंबर 1 धरून अकरा आकड्यांचा हवा. नंबर दहा आकडी आहे एवढ्यावरून तो भारतातला ठरत नाही. देणाऱ्याला देश विचारून घ्या.

परदेशातले नंबर

ब्रिटनमधले मोबाइल नंबर 07 ने सुरू होतात. तिथल्या दूरसंचार नियामकाने नाटक-मालिकांत दाखवण्यासाठी काही नंबर राखून ठेवलेले आहेत. त्यातलाच एक, 07700 900123, उदाहरणाला घेऊ. शून्य काढायचा, 44 लावायचा:

```
https://wa.me/447700900123
```

हाच नंबर व्हिजिटिंग कार्डावर किंवा ईमेलखाली अनेकदा +44 (0)7700 900123 असा छापलेला असतो. कंसातला शून्य म्हणजे 'देशात असाल तर हा लावा' अशी सूचना आहे. नुसते कंस काढले आणि शून्य ठेवला तर 4407700… होतं आणि लिंक पडते. कंसासकट शून्य काढायचा.

दुबई-अबुधाबीचा नंबर 050 किंवा 055 असा सुरू झाला तर शून्य काढून 971 लावायचा, म्हणजे 97150 आणि पुढे सात आकडे. ऑस्ट्रेलियाचा 04 ने सुरू होणारा मोबाइल 614 होतो. सिंगापूर (65), ओमान (968) आणि कतार (974) इथल्या नंबरांना सुरुवातीचा शून्य नसतोच, कोड आणि त्यापुढे आठ आकडे इतकंच. आखाती देशांतून येणारे नंबर कधी 00971… असेही लिहिलेले असतात. ते दोन शून्य म्हणजे + चिन्हाचाच दुसरा अवतार, तेही काढायचे.

शून्य काढायचा नियम सगळीकडे चालत नाही. इटलीत लँडलाइनचा शून्य नंबराचाच भाग आहे, तो 39 नंतरही ठेवावा लागतो. तिथले मोबाइल मात्र 3 ने सुरू होतात, त्यामुळे मोबाइलपुरता प्रश्न येत नाही. अर्जेंटिनाची गंमत वेगळीच: मोबाइलसाठी 54 नंतर एक 9 घालावा लागतो आणि स्थानिक नंबरात मध्ये येणारे 15 काढावे लागतात. या दोन देशांत तुमचं कुणी नसेल तर हे विसरलं तरी चालेल.

नंबर बरोबर असूनही लिंक चालत नाही

आकडे तीनदा मोजले, बाराच आहेत, तरी लिंक नंबर नाकारते. अशा वेळी नंबर टाइप केला होता की कॉपी-पेस्ट, हे आधी आठवा. कॉन्टॅक्टच्या पानावरून, पीडीएफमधून किंवा व्हॉट्सॲप वेबवरून नंबर कॉपी केला की कधीकधी त्याच्यासोबत न दिसणारी चिन्हंही येतात. लिपीची दिशा ठरवण्यासाठी ती वापरतात, स्क्रीनवर त्यांना रूप नसतं. ब्राउझरच्या पट्टीतून लिंक पुन्हा कॉपी करून नोट्समध्ये चिकटवली की ती उघडी पडतात:

```
https://wa.me/%E2%80%AA9198220XXXXX
```

91 च्या आधीचं %E2%80%AA हे असं एक चिन्ह. नंबराच्या शेवटी %E2%80%AC असं त्याचं जोडीदार चिन्हही सापडू शकतं. उपाय एकच, नंबर हाताने टाइप करायचा.

'हा नंबर व्हॉट्सॲपवर नाही' असा संदेश आला तर तो वेगळा मामला. तिथे लिंकची घडण बरोबर आहे, पण त्या नंबरवर व्हॉट्सॲप खातं नाही. दोन सिमवाल्यांच्या बाबतीत हे नेहमी घडतं. कॉलचा नंबर एक आणि व्हॉट्सॲपचा दुसरा. सरळ फोन करून विचारलेलं बरं.

तिसरी अडचण येते ती एकाच फोनवर व्हॉट्सॲप आणि व्हॉट्सॲप बिझनेस दोन्ही असलेल्यांना. दुकानाच्या खात्यातून बोलायचं असतं आणि लिंक घरच्या खात्यात उघडते. अँड्रॉइडवर नको असलेल्या ॲपच्या आयकॉनवर बोट दाबून धरा, App info मध्ये जा, तिथे Open by default असं काहीतरी दिसेल. त्यात त्या ॲपने लिंक उघडणं बंद करा, म्हणजे लिंक दुसऱ्या ॲपकडे जाईल. फोनच्या कंपनीनुसार शब्द थोडे बदलतात. मेसेज पाठवण्याआधी वर कोणतं ॲप उघडलंय ते बघायची सवय मात्र हवीच, नाहीतर गिऱ्हाइकाला घरचा नंबर जातो.

दरवेळी लिंक टाइप करायची नसेल तर

'लिंक बनवून देतो' म्हणणाऱ्या वेबसाइट आणि ॲप्स ढिगाने आहेत. त्या फक्त तुमच्या नंबराच्या आधी wa.me चिकटवतात. त्याबदल्यात तुम्ही ज्यांना मेसेज करता त्यांचे नंबर त्यांच्या हाती जातात. इतक्या कामासाठी हा सौदा करू नये.

त्यापेक्षा कीबोर्डला कामाला लावा. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये Dictionary आणि त्यात Personal dictionary आहे. तिथे शब्द म्हणून https://wa.me/91 भरा आणि शॉर्टकट म्हणून waa. आता ब्राउझरच्या पट्टीत waa टाइप केलं की वरच्या सुचवण्यांत पूर्ण लिंक येते. तिला टच करा, पुढे दहा आकडे टाका, मध्ये मोकळी जागा पडली असेल तर पुसा. आयफोनवर हेच Settings, General, Keyboard, Text Replacement या वाटेने होतं.

कॉम्प्युटरवर क्रोम वापरत असाल तर याहून बरी सोय आहे. सेटिंगमध्ये Search engine, तिथे Manage search engines and site search, आणि त्यात Site search खाली Add. नाव काहीही द्या, शॉर्टकट wa द्या आणि URL च्या जागी हे भरा:

```
https://wa.me/91%s
```

यापुढे वरच्या पट्टीत wa लिहून टॅब दाबायचा, दहा आकडे टाकायचे, एंटर. %s च्या जागी क्रोम तुम्ही टाकलेले आकडे बसवतं. मधलं पान न येता थेट व्हॉट्सॲप वेबच उघडायला हवं असेल तर URL मध्ये https://web.whatsapp.com/send?phone=91%s असं द्या.

नुसतं एखाद्याशी बोलायचं आहे, लिंक कुणाला द्यायची नाही, तर व्हॉट्सॲपच्या आतही वाट आहे. नवीन चॅटच्या शोधपट्टीत पूर्ण नंबर टाकला की तो सेव्ह नसला तरी सापडतो. किंवा स्वतःलाच मेसेज करायच्या चॅटमध्ये नंबर पाठवा आणि त्या नंबरावर टच करा, चॅट उघडण्याचा पर्याय येतो. यात आकडे चुकायची शक्यता कमी. लिंकचा खरा फायदा ती दुसऱ्याला देता येते तेव्हा कळतो.

मेसेज आधीच भरलेला हवा असेल तर

समजा, देवगडच्या एका बागायतदाराला गिऱ्हाइकांकडून ऑर्डर घ्यायची आहे. लिंक दाबताच गिऱ्हाइकासमोर मजकूर तयार दिसावा, त्याने फक्त पत्ता भरून सेंड करावं. त्यासाठी नंबरानंतर ?text= लावून मजकूर लिहायचा. पहिला प्रयत्न बहुधा असा होतो:

```
https://wa.me/9198220XXXXX?text=हापूस & पायरी पेटी हवी
```

ब्राउझरच्या पट्टीत टाकलं तर चॅट उघडतं, पण मजकुराच्या चौकटीत फक्त 'हापूस' दिसतं. & हे चिन्ह लिंकच्या भाषेत 'इथे पुढची बाब सुरू' असं सांगतं, म्हणून पुढचं सगळं मजकुरातून गळलं. # आला तरी मजकूर तिथेच तुटतो. + चं बऱ्याच ठिकाणी मोकळ्या जागेत रूपांतर होतं. हीच लिंक एखाद्या ग्रुपवर पाठवली तर आणखी बिघडते. व्हॉट्सॲप पहिल्या मोकळ्या जागेपर्यंतच लिंक निळी करतं, पुढचं साधं वाक्य म्हणून पडून राहतं.

म्हणून ही चिन्हं सांकेतिक रूपात लिहावी लागतात. मोकळ्या जागेला %20, नव्या ओळीला %0A, & ला %26, # ला %23, + ला %2B, प्रश्नचिन्हाला %3F. खुद्द % हवा असेल तर %25, म्हणजे '10% सूट' लिहिताना '10%25%20सूट'. मराठी अक्षरांचंही असंच रूपांतर होतं आणि ते लांबलचक असतं. 'नमस्कार' हा शब्द लिंकमध्ये असा दिसतो:

```
%E0%A4%A8%E0%A4%AE%E0%A4%B8%E0%A5%8D%E0%A4%95%E0%A4%BE%E0%A4%B0
```

अक्षर, काना, पाय मोडायचं चिन्ह अशा प्रत्येक घटकाला नऊ चिन्हं. 'नमस्कार'चे सात घटक, म्हणून 63 चिन्हं. लिंक भीतीदायक दिसली तरी ती बरोबरच आहे. पोस्टरवर क्यूआर कोड छापायचा असेल तर मात्र मजकूर थोडक्यात आटपा, कारण लिंक जितकी लांब तितके कोडमधले चौकोन बारीक आणि साध्या प्रिंटवर स्कॅन व्हायला कठीण.

हे रूपांतर हाताने करत बसू नका, गूगल शीट्स करून देतं. A2 मध्ये नंबर, B2 मध्ये मराठी मजकूर लिहा. मजकुरात नवी ओळ हवी तिथे कॉम्प्युटरवर Alt आणि एंटर. मग C2 मध्ये:

```
="https://wa.me/91"&RIGHT(REGEXREPLACE(A2&"","\D",""),10)&"?text="&ENCODEURL(B2)
```

यातला REGEXREPLACE नंबरातली आकडे सोडून बाकी सगळी चिन्हं काढतो, मघाची अदृश्य चिन्हंसुद्धा. RIGHT शेवटचे दहा आकडे घेतो, त्यामुळे कुणी 0 लावून लिहिलं असो वा 91 लावून, निकाल एकच. ENCODEURL मजकुराचं रूपांतर करतं. आंबेवाल्याने B2 मध्ये असं लिहिलं तर काम भागेल:

```
हापूस & पायरी
पेट्या:
नाव:
पत्ता, पिनकोड:
```

नंबराच्या रकान्यात +91 आणि मध्ये मोकळी जागा असं लिहिलं तर शीट्स त्याला सूत्र समजून त्रुटी दाखवतं. त्या रकान्याचा प्रकार आधी Plain text करून ठेवा. आणि 91 या सूत्रात पक्कं बसवलेलं आहे, तेव्हा परदेशी नंबर या यादीत मिसळू नका. न्यू जर्सीवाली चूक इथे एका फटक्यात पूर्ण यादीला लागेल.

लिंकमधून फोटो किंवा फाइल जोडता येत नाही, फक्त मजकूर. ग्रुपसाठीही ही लिंक नाही, ग्रुपची आमंत्रण लिंक chat.whatsapp.com ने सुरू होते. आणि नंबर गाळून https://wa.me/?text= एवढंच लिहिलं तर व्हॉट्सॲप कुणाला पाठवायचं ते विचारतं. लग्नपत्रिकेचा किंवा मंडळाच्या कार्यक्रमाचा मजकूर लोकांनी पुढे पाठवावा असं वाटत असेल तर ते रूप उपयोगी.

समोरच्याला काय दिसतं

तुम्ही त्याचा नंबर सेव्ह केला नाही, पण तुमचा नंबर त्याला दिसतोच. सोबत तुम्ही प्रोफाइलला दिलेलं नाव दिसतं. प्रोफाइल फोटो 'माझे कॉन्टॅक्ट' इतकाच मर्यादित ठेवला असेल तर तो त्याला दिसणार नाही, कारण तो तुमच्या कॉन्टॅक्टमध्ये नाही. अनोळखी नंबर म्हणून त्याच्या चॅटमध्ये ब्लॉक आणि रिपोर्ट करायचे पर्याय वरच येतात. म्हणून पहिल्याच मेसेजमध्ये नाव आणि काम लिहा: 'नमस्कार, मी कोथरूडहून बोलतोय, तुमच्या जाहिरातीतल्या सायकलबद्दल विचारायचं होतं.' नुसतं 'हाय' पाठवून थांबणाऱ्याला आजकाल कुणी उत्तर देत नाही. पहिल्या मेसेजमध्ये लिंक पाठवली तर ती समोरच्याला दाबता येत नाही, त्याने उत्तर दिलं किंवा तुम्हाला सेव्ह केलं की मगच ती चालू होते. गूगल मॅपची लिंक पाठवूनही कुरिअरवाला 'उघडत नाही' म्हणतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. 'ओके' एवढं उत्तर द्यायला सांगा, किंवा व्हॉट्सॲपमधलंच लोकेशन पाठवा.

शीट्समधली यादी बनली की ती सगळ्यांना एकामागून एक पाठवायचा मोह होतो. अनोळखी लोकांना सारखाच मजकूर पाठवत गेलात आणि त्यातल्या काहींनी रिपोर्ट केलं, तर व्हॉट्सॲप खातं बंद करू शकतं. आंबेवाल्याने लिंक गिऱ्हाइकाकडे द्यावी आणि पहिला मेसेज त्याच्याकडून येऊ द्यावा.

लिंक सार्वजनिक ठिकाणी टाकताना एवढं लक्षात असू द्या की नंबर तिच्यात उघडा असतो. बटणाच्या मागे दडवला तरी लिंक कॉपी केली की दिसतो. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये wa.me/message/ ने सुरू होणारी छोटी लिंक मिळते. तिच्यात नंबर लिहिलेला नसतो, पण चॅट उघडलं की दिसतोच. सायबर कॅफेत किंवा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिंक उघडली असेल तर ती ब्राउझरच्या हिस्टरीत नंबरासकट राहते, तिथून ती पुसून उठा.